पुरवठादाराला भाव कमी करायला सांगणारा मेल: नम्र असूनही मर्यादा पोहोचत नाही, तेव्हा काय बदलायचं

लक्षण ओळखीचं आहे. पुरवठादाराचं कोटेशन येतं आणि भाव आपल्या हिशेबाबाहेरचा असतो. आपण सभ्य भाषेत मेल टाकतो. उत्तर येतं, "तुमच्यासाठी ५० पैसे कमी केले." आपण पुन्हा लिहितो, आणखी २५ पैसे सुटतात. तिसऱ्या मेलपासून आपल्या सुरात कडवटपणा येतो, समोरचाही दुखावतो. तोवर गोदामातला माल संपत आलेला असतो, म्हणून अधल्यामधल्या आकड्यावर पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, काढून आपण मोकळे होतो. पुढच्या तिमाहीत हीच गोष्ट पहिल्यापासून.

यावर बहुतेक जण मेल आणखी गोड करून बघतात, नाहीतर आणखी कडक. दोन्हींनी काही होत नाही, कारण बिघाड सुरात नसतो. आपण नम्रपणा नेमका चुकीच्या वाक्यात घालतो, म्हणजे आकडा असलेल्या वाक्यात. ‘शक्य असल्यास’, ‘आसपास’, ‘जमलं तर’ असे शब्द आकड्याला चिकटले की ती मर्यादा राहत नाही, विनंती होते. आणि ज्या वाक्यांत खरी सभ्यता दिसायला हवी, म्हणजे समोरच्याची अडचण मान्य करणं, आपलं कारण सांगणं, त्याला ‘नाही’ म्हणायला वाट ठेवणं, ती वाक्यं मेलमध्ये नसतातच.

आमच्या खरेदी विभागातला एक मेल दुरुस्त करताना हे सगळं एकाच ठिकाणी सापडलं, म्हणून तोच उदाहरणादाखल घेते.

प्रकरण काय होतं

भोसरीतलं बाथ फिटिंग बनवणारं छोटं युनिट. तयार नळ ज्या मोठ्या खोक्यांत भरून डीलरकडे जातात, ती पाच प्लायची कोरुगेटेड खोकी चाकणच्या एका पुरवठादाराकडून येतात. माप ४०० × ३०० × २५० मिलिमीटर, महिन्याला ४,००० नग. जुना दर ३७.५० रुपये. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीसाठी त्यांनी ४२ रुपये मागितले आणि कारण दिलं की क्राफ्ट पेपर किलोमागे ४ रुपयांनी वाढला आहे. सोबत मिलचं बिलही जोडलं होतं, म्हणजे माणूस सरळ होता. नव्याने खरेदी बघू लागलेल्या आमच्या सहकारी मुलीने त्यांना लिहिलं:

> विषय: रेटबाबत
>
> नमस्कार साहेब,
>
> आपलं कोटेशन मिळालं. रेट फारच जास्त आहेत. आपले इतक्या वर्षांचे संबंध आहेत, तरी कृपया विचार व्हावा. मार्केटमध्ये आम्हाला याहून कमी रेट मिळत आहेत. मॅनेजमेंटचा खूप दबाव आहे. शक्य असल्यास ४० च्या आसपास जमवता आलं तर बरं होईल. तरी आपला बेस्ट रेट लवकरात लवकर कळवावा, अन्यथा आम्हाला दुसरा विचार करावा लागेल.

उत्तर आलं: "मॅडम, तुमच्यासाठी ४१.५०. याखाली खरंच परवडत नाही." तिने पुन्हा "थोडं अजून बघा ना" लिहिलं, तर ४१.२५ झाले. मग तिने मेल माझ्याकडे पाठवला आणि विचारलं, आता कडक लिहू का?

कडक लिहायची गरज नव्हती. पुरवठादाराच्या खुर्चीत बसून हा मेल वाचला की त्यांनी तंतोतंत मागितलं तेच दिलं, हे कळतं. ‘४० च्या आसपास’ मागितलं होतं, ४१.२५ आसपासच आहेत. ‘बेस्ट रेट कळवा’ म्हटल्यावर आकडा ठरवायचं काम त्यांच्याकडेच गेलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या बाजूने केलं. ‘मार्केटमध्ये कमी मिळतो’ हे वाक्य त्यांना प्रत्येक गिऱ्हाईक लिहितं, त्यामुळे ते वाचलंच जात नाही. ‘मॅनेजमेंटचा दबाव’ ही आपली अडचण झाली, त्यातून त्यांना आकडा कळत नाही. शेवटी ‘अन्यथा दुसरा विचार’ हे मात्र टोचलं, कारण दुसरा विचार कधी, किती दरावर, कसला, यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे मेलमध्ये धमकी होती, पण मर्यादा नव्हती.

लिहिण्याआधी: मर्यादा खरी आहे का?

मेल बदलण्याआधी मी तिला आकडा कुठून आला ते विचारलं. ती म्हणाली, "४२ फार वाटले म्हणून ४० म्हटलं." इथे थांबणं भाग होतं. ज्या आकड्यामागे हिशेब नाही, तो लिहिताना हात आपोआप ‘आसपास’ लिहितो. शब्दांचा ढिलेपणा हा बहुतेक वेळा हिशेबाचाच ढिलेपणा असतो.

खोक्याचा हिशेब अवघड नाही. खोक्याच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असतो, आणि कागद किलोने येतो. म्हणून एक रिकामं खोकं काट्यावर ठेवायचं. आमचं ६२० ग्रॅम भरलं. कापताना वाया जाणारा कागद धरून ६५० ग्रॅम घेतले. किलोमागे ४ रुपये वाढ म्हणजे खोक्यामागे २.६० रुपये. जुने ३७.५० अधिक २.६० म्हणजे ४०.१०. याचा अर्थ, त्यांनी सांगितलेलं कारण शंभर टक्के मान्य केलं तरी दर ४० च्या जवळ येतो. ४२ मधले उरलेले जवळपास दोन रुपये मजुरी, वीज, नफा यांतले असतील, पण त्याबद्दल ते काही बोललेले नव्हते.

दुसरी बाजू आपल्या घरची. डीलरांची प्राइस लिस्ट डिसेंबरअखेरपर्यंत छापून गेली होती आणि तिच्यात या खोक्याला ४० रुपयांची जागा धरलेली होती. तिसरी बाजू पर्यायाची. दुसऱ्या एका पार्टीचं कोटेशन ३९ रुपये होतं, पण त्यांच्या फॅक्टरीतून उचलायच्या बोलीवर. गाडीभाडं धरलं की ३९.९०. नवी पार्टी म्हणजे नमुना तपासा, पहिला लॉट नजरेखालून घाला, हा त्रास वेगळाच. म्हणजे पर्याय होता, पण स्वस्त नव्हता. ‘मार्केटमध्ये याहून कमी मिळतो’ हे वाक्य म्हणूनच काढून टाकायचं होतं. आपण मागत होतो त्या ४० च्या तुलनेत ते जेमतेम दहा पैशांपुरतं खरं होतं.

आता तिन्ही बाजूंनी ४० हाच आकडा येत होता. आमच्या साहेबांशी बोलून तिने ४० ची मंजुरी घेतली आणि लेखाविभागाकडून आणखी एक गोष्ट पक्की केली: दर जमला तर बिल ४५ दिवसांऐवजी १५ दिवसांत देता येईल. पुरवठादार बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर वर्षाला १२ टक्के व्याज भरतो असं धरलं, तर महिन्याला एक टक्का, म्हणजे ४० रुपयांच्या खोक्यामागे ४० पैसे. पैसे ३० दिवस आधी मिळाल्याने त्याचे हे ४० पैसे वाचतात. भाव कमी मागताना आपण काय देतो आहोत, हे असं पैशांत मांडता आलं पाहिजे. ‘भविष्यात मोठ्या ऑर्डरी देऊ’ या वाक्याची किंमत त्याच्या लेखी शून्य आहे.

एक सावधगिरी इथेच सांगते. काही जण उलट सौदा करतात: दर तोच ठेवा, आम्ही ९० दिवसांनी पैसे देतो. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर हे मेलमध्ये लिहूच नका. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसच मिळतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. म्हणजे ९० दिवसांची अट मेलमध्ये टाकणं हा आपल्याच विरुद्धचा लेखी पुरावा होतो.

वाक्य वाक्य बदलताना

सगळ्यात आधी मर्यादेचं वाक्य लिहिलं, बाकीचा मेल त्याच्याभोवती. या वाक्याची माझी कसोटी अशी: ते एकटं उचलून कोणालाही वाचायला दिलं, तर त्यातून आकडा, तो कशासकट आणि कशाशिवाय आहे, आणि त्यापुढे काय होणार, हे तिन्ही कळलं पाहिजे. आमचं वाक्य झालं: "या तिमाहीसाठी मला ४०.०० रुपयांपर्यंतच मंजुरी आहे, जीएसटी वगळून, भोसरीपोच. त्यावरच्या दराने मी पीओ काढू शकत नाही."

यात एकही विनवणी नाही आणि एकही टोचणारा शब्द नाही. ‘तुम्ही कमी करा’ असं म्हटलेलंच नाही. वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे. मला काय जमतं आणि काय जमत नाही, एवढंच त्यात आहे. ‘तुमचा रेट जास्त आहे’ म्हटलं की समोरचा रेटची बाजू घ्यायला बसतो. ‘माझी मंजुरी एवढी आहे’ यावर त्याला भांडण करता येत नाही. हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, किंवा काहीतरी सुचवता येतं.

‘जीएसटी वगळून, भोसरीपोच’ हे शब्द कंटाळवाणे वाटतात, पण निम्म्या वेळा मर्यादा इथूनच गळते. ४० ला हो म्हणून नंतर गाडीभाडं वेगळं लावलं की आपण पुन्हा ४०.९० वर.

‘मंजुरी’ हा शब्द तेव्हाच वापरा, जेव्हा ती खरोखर दुसऱ्या कोणाची असते. स्वतःचाच धंदा असेल, तर खोटा साहेब उभा करू नका. समोरच्याला माहीत असतं की सही तुमचीच आहे. तिथे सरळ लिहा: "माझ्या मालाच्या किमतीत खोक्याला ४० रुपयांचीच जागा आहे. त्यावर मला परवडत नाही." हे तितकंच ठाम आहे आणि खरं आहे.

नंतर नम्रपणाची जागा बदलली. ‘इतक्या वर्षांचे संबंध’ काढलं. संबंधांची आठवण करून देणं ऐकायला गोड लागतं, पण त्याचा अर्थ ‘संबंधांची किंमत म्हणून पैसे सोडा’ असा होतो, आणि जुन्या पुरवठादाराला तो लगेच कळतो. त्याऐवजी त्यांनी मिलचं बिल जोडलं होतं त्याबद्दल आभार मानले आणि कागदाची वाढ मान्य केली. त्यांची अडचण आपण वाचली आणि हिशेबात धरली, हे दाखवणारं वाक्य दहा ‘कृपया’ंपेक्षा जास्त आदराचं असतं. शेवटी धमकीच्या जागी, त्यांना नाही म्हणायचं असेल तर काय होईल ते सरळ सांगितलं.

पूर्ण मेल असा झाला:

> विषय: पाच प्लाय बॉक्स ४०० × ३०० × २५०, ऑक्टोबर–डिसेंबर दर, शुक्रवार १९ तारखेपर्यंत उत्तर हवं
>
> नमस्कार साहेब,
>
> आपलं ४२.०० आणि नंतरचं ४१.२५ रुपयांचं कोटेशन मिळालं. कागदाच्या वाढीचं मिलचं बिल सोबत पाठवलंत, त्याबद्दल आभार. ती वाढ आम्ही पूर्ण मान्य करतो.
>
> आपल्या बॉक्सचं वजन ६२० ग्रॅम आहे. वाया जाणारा कागद धरून ६५० ग्रॅम घेतले, तर किलोमागे ४ रुपये वाढीचे बॉक्समागे २.६० रुपये होतात. सध्याच्या ३७.५० मध्ये मिळवून ४०.१०. हिशेबात माझं काही चुकत असेल तर जरूर सांगा.
>
> या तिमाहीसाठी मला ४०.०० रुपयांपर्यंतच मंजुरी आहे, जीएसटी वगळून, भोसरीपोच. त्यावरच्या दराने मी पीओ काढू शकत नाही.
>
> या दराला आमच्याकडून १२,००० नगांची तिमाहीची ऑर्डर एकदमच मिळेल. महिन्याला २,००० च्या दोन गाड्या, आणि बिल ४५ ऐवजी १५ दिवसांत. लेखाविभागाशी बोलून हे पक्कं केलं आहे.
>
> प्लाय, जीएसएम, बर्स्टिंग फॅक्टर आणि छपाई सध्याप्रमाणेच राहील. दर बसवण्यासाठी यात काही बदलावं लागणार असेल, तर आधी कळवा. नमुना बघून ठरवू.
>
> शुक्रवारी १९ तारखेला संध्याकाळपर्यंत कळवलंत तर शनिवारी पीओ निघेल. हा दर आपल्याला परवडत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. या तिमाहीची ऑर्डर मी दुसरीकडे देईन आणि जानेवारीच्या दरासाठी आपल्याला पुन्हा विचारीन.

लांबी पहिल्या मेलच्या दुपटीहून जास्त झाली, त्याची काळजी करू नका. वाढलेली जागा सगळी माहितीने भरली आहे. विनवणीची एकही ओळ वाढलेली नाही.

आणखी एक विचार आमच्यात बराच वेळ चालला: खरी मर्यादा सांगायची, की ३९ सांगून ४० वर यायचं? माझं मत असं. अपेक्षा आणि मर्यादा हे दोन वेगळे आकडे आहेत आणि ते दोन वेगळ्या वाक्यांतच जावेत. पहिल्या मेलमध्ये ‘आमची अपेक्षा ३९ ची आहे, आपला विचार कळवा’ म्हणायला हरकत नाही. पण ‘मर्यादा’ म्हणून जो आकडा लिहिला, तो मग हलवायचा नाही. ३९ ला मर्यादा म्हणून नंतर ४० ला पीओ काढलात, तर पुढच्या तिमाहीत तुमच्या ‘यापुढे जाता येत नाही’ या वाक्याला किंमत उरत नाही. याची दुसरी बाजूही खरी आहे: मर्यादा सांगितली की पुरवठादार बहुतेक त्या आकड्यावरच येऊन थांबतो, त्याच्या खाली क्वचितच उतरतो. म्हणून ४० देताना मनात चुटपुट लागणार असेल, तर ४० लिहायची वेळ अजून आलेली नाही.

उत्तर काय येतं, त्यावरून पुढे

आमच्या बाबतीत उत्तर आलं ४०.५०. हीच खरी परीक्षा असते, कारण फरक इतका लहान दिसतो की ‘जाऊ द्या, ५० पैशांनी काय होतं’ असं वाटतं. १२,००० नगांवर ते ६,००० रुपये आहेत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती मर्यादा होती. आणि ‘मग आम्हाला जमणार नाही’ असं तुटक उत्तरही द्यायचं नव्हतं, कारण माणूस खाली येत होता. तिने लिहिलं:

> साहेब, ४०.५० पर्यंत आलात, आभार. माझी मंजुरी ४०.०० चीच आहे, ती बदललेली नाही. राहिलेले ५० पैसे दरातून सोडणं शक्य नसेल, तर बॉक्समध्ये किंवा डिलिव्हरीत काय बदललं तर ते भरून निघतील, ते आपण सुचवावं. आम्ही लगेच विचार करू.

आकडा जागचा हलला नाही, बाकी सगळं हलायला मोकळं ठेवलं. त्यांचा फोन आला: खोक्यावर दोन रंगांची छपाई आहे, ती एका रंगात केली तर ४० ला जमेल. आतल्या छोट्या डब्यांवर ब्रँडची रंगीत छपाई असतेच, बाहेरच्या खोक्यावरचा लाल पट्टा फक्त डीलरच्या गोदामात दिसत होता. विक्री विभागाने हो म्हटलं, आणि सौदा ४० ला झाला. हा मार्ग आपण सुचवू शकलो नसतो. छपाईच्या दुसऱ्या रंगाला त्यांचा किती खर्च येतो ते त्यांनाच ठाऊक. म्हणून उरलेला फरक कसा भरायचा, हा प्रश्न त्यांच्याकडे सोपवणं फायद्याचं ठरतं.

उत्तर जर दुसऱ्याच दिवशी ‘४० ओके’ असं एका ओळीत आलं, तर आनंद होतो, पण तिथे जरा जपून. खोक्याच्या धंद्यात दर पाडून घेतला आणि बाकी काही लिहून ठेवलं नाही, तर फरक कागदातून निघायची शक्यता असते. बाहेरून पाच प्लायच दिसतं, आतल्या थरांचा जीएसएम, म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, खाली आलेला असतो. ओळखायची सोपी पद्धत पुन्हा काटाच आहे. ६२० ग्रॅमचं खोकं ५७० वर आलं, तर ५० ग्रॅम कागद गेला. किलोला ४० रुपये धरले तर तिथेच दोन रुपये निघाले. मात्र पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो आणि वजन थोडं वाढतं, म्हणून एकाच खोक्यावर निकाल देऊ नका. गठ्ठ्यातली दहा खोकी काढून सरासरी घ्या, आणि पाच टक्के इकडेतिकडे चालतील असं आधीच ठरवा. शंका असेल तर बर्स्टिंग टेस्टचा, म्हणजे कागद किती दाबाला फाटतो त्या चाचणीचा, रिपोर्ट मागा. मेलमधलं ‘काही बदलावं लागणार असेल तर आधी कळवा’ हे वाक्य याच्यासाठीच आहे. त्यात आरोप नाही, पण नंतर बोलायला जागा राहते.

काहीच उत्तर आलं नाही, तर शुक्रवारी सकाळी एक फोन करा आणि फक्त एवढं विचारा: मेल मिळाला ना, आज संध्याकाळपर्यंत कळेल ना? फोनवर पुन्हा घासाघीस सुरू करू नका. आणि मुदत उलटली, तर मेलमध्ये लिहिलं होतं तेच करा. ‘दुसरीकडे देईन’ लिहून सोमवारी परत त्यांनाच ‘काय झालं साहेब?’ विचारलं, तर सगळा मेल वाया गेला. म्हणून जे करायची तयारी नाही, ते शेवटच्या परिच्छेदात लिहूच नका. पर्याय नसेल, म्हणजे तो साचा किंवा तो भाग एकाच पुरवठादाराकडे असेल, तर ‘दुसरीकडे देईन’ऐवजी ‘या महिन्यात फक्त २,००० नग घेईन आणि बाकीच्याबद्दल जानेवारीत बोलू’ असं काहीतरी लिहा, जे तुम्ही खरोखर करू शकता. तेही शक्य नसेल, तर तुमच्याकडे मर्यादा नाही, फक्त अपेक्षा आहे. मग ती अपेक्षा म्हणूनच लिहा.

कधी उत्तरात राग येतो: "मॅडम, एवढा हिशेब मांडून आमचा नफाच काढताय की काय!" वजनाचा हिशेब मांडला की काहींना ते आवडत नाही. तिथे हिशेब मागे घेऊ नका, पण त्यावर अडूनही बसू नका. "हिशेब फक्त कागदवाढीचा आहे साहेब, बाकीचे खर्च वाढले असतील तर तेही कळवा" एवढं पुरतं. खरंच मजुरी किंवा वीज वाढली असेल, तर ते आकडे समोर येतात, आणि मग पुढच्या वेळची मर्यादा ठरवायला तुमच्याकडे जास्त माहिती असते. या वेळची मात्र तीच.

ठरल्यावर

आपल्याकडे शेवटचा शब्द बहुतेक फोनवरच होतो. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेल टाकावा. आमचा असा होता: "आत्ता बोलल्याप्रमाणे ४०.०० रुपये, जीएसटी वगळून, भोसरीपोच, एका रंगाची छपाई, बाकी स्पेसिफिकेशन सध्याचंच, वजन ६२० ग्रॅम अधिक-उणे ५ टक्के, बिल १५ दिवसांत. कागदाचा भाव किलोमागे २ रुपयांहून जास्त वर किंवा खाली गेला, तर दोघांपैकी कोणीही पुन्हा बोलायला मोकळं." शेवटचं वाक्य पुरवठादाराने फोनवर मागितलं होतं, आणि ते वाजवी होतं. कागद उतरला तर ते आपल्याही कामाचं आहे.

हीच वाक्यं जशीच्या तशी पीओच्या अटींत उतरवा. पीओचा छापील नमुना बहुतेक ठिकाणी जुनाच असतो आणि त्यात ‘पेमेंट ४५ दिवस’ असं आधीपासून छापलेलं असतं. ते बदलायचं राहिलं, तर लेखाविभाग पीओ बघूनच पैसे सोडतो, सोळाव्या दिवशी पुरवठादाराचा फोन येतो, आणि मेलमधल्या पंधरा दिवसांच्या शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही.